फिकट तळहात, फिकट पापणी आणि मोबाइलवरचा फोटो

प्रश्न : माझी आई ४६ वर्षांची आहे आणि राधानगरी तालुक्यात गावी राहते. गेले काही महिने तिला लवकर दम लागतो. वहिनीने तिच्या तळहाताचे, नखांचे आणि डोळ्याच्या खालच्या पापणीचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवले आहेत. मला ते फिकट वाटतात, भावाला नेहमीसारखेच वाटतात. फोटो बघून अंगात रक्त कमी आहे का हे कळते का? कळत असेल तर कितपत?

उत्तर :

फोटोत फिकटपणा ठळकपणे दिसत असेल, तर लवकर तपासणी करण्यासाठी ते पुरेसे कारण आहे. फोटो लालसर दिसतो म्हणून रक्त पुरेसे आहे, असा उलटा अर्थ मात्र काढता येत नाही. तुमच्या बाबतीत तुमचा डोळा बरोबर की भावाचा, हा वाद सोडून द्यावा. ४६ वर्षांच्या स्त्रीला काही महिन्यांपासून दम लागतो, एवढे एकच कारण रक्ताची सीबीसी तपासणी आणि छातीची व हृदयाची साधी तपासणी करून घेण्यास पुरेसे आहे. फोटो कसेही दिसोत, ही तपासणी या आठवड्यात व्हावी. त्यांना बसल्या जागी दम लागत असेल, छातीत दुखत असेल, चक्कर येऊन शुद्ध हरपली असेल, शौचास डांबरासारखे काळे होत असेल किंवा पाळीत रक्तस्राव थांबत नसेल, तर आठवडाही थांबू नये आणि फोटो काढत बसू नये, त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. एवढे सांगून आता मूळ विषयाकडे वळतो.

रक्ताला लाल रंग हिमोग्लोबिनमुळे येतो, म्हणून ते कमी झाले की त्वचा फिकट दिसते, इतके सर्वांना माहीत असते. परंतु डोळ्यांना जो रंग दिसतो तो एकट्या हिमोग्लोबिनचा नसतो. त्या जागी त्या क्षणी किती रक्त पोहोचले आहे आणि त्या रक्तावरचा पडदा किती जाड व किती सावळा आहे, या दोन गोष्टीही त्या रंगात मिसळलेल्या असतात. थंडीत, भीतीने किंवा रक्तदाब उतरल्यावर बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त पुरेसे असलेला माणूसही पांढराफटक दिसतो. उलट चुलीसमोर बसून उठलेल्या बाईचा चेहरा रक्त कमी असूनही तांबूस दिसतो. म्हणून चेहऱ्यावरून अंदाज करू नये. डॉक्टर पापणीची आतली बाजू, तळहात आणि नखे पाहतात, कारण तिथे त्वचेचा सावळेपणा फारसा आड येत नाही. तिन्ही जागांची विश्वासार्हता मात्र सारखी नाही, आणि मी ज्या क्रमाने त्यांची नावे घेतली त्याच क्रमाने ती उतरत जाते.

खालच्या पापणीच्या आतल्या बाजूवरचे आवरण अतिशय पातळ असते, त्यात रंगद्रव्य जवळजवळ नसते आणि बाहेरच्या थंडीचा परिणाम हातापायांच्या मानाने तिथे कमी होतो. पण ‘पापणी लाल आहे की पांढरी’ असा ढोबळ प्रश्न विचारला तर दोन डॉक्टरांचेही एकमत होत नाही. त्यापेक्षा चांगली पद्धत अशी की पापणीच्या आतल्याच दोन भागांची एकमेकांशी तुलना करावी. पापणी हलकेच खाली ओढली की पापण्यांच्या केसांना लागून असलेली आतली कड दिसते आणि तिच्यामागे डोळ्याच्या बुबुळाकडे जाणारा खोल भाग दिसतो. रक्त पुरेसे असलेल्या माणसात ही पुढची कड स्पष्ट तांबडी असते आणि खोल भाग मांसल, फिकट गुलाबी असतो. दोहोंमधला फरक सहज दिसतो. रक्त बरेच कमी झाले की कडेचा तांबडेपणा जातो आणि कड व खोल भाग एकाच फिकट रंगाचे दिसू लागतात. फरक पूर्णपणे नाहीसा झाला असेल तर रक्तक्षयाची शक्यता खूपच वाढते. फरक दिसत असेल तर शक्यता थोडीशीच कमी होते. डोळे आलेले असतील, धुराने चुरचुरत असतील किंवा काजळ घालून पुसलेले असेल, तर हे निरीक्षण त्या दिवशी करू नये, कारण सुजेचा लालपणा रक्तक्षय झाकून टाकतो.

तळहात पाहताना सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे बोटे मागे ताणणे. ‘हात नीट उघडा’ म्हटले की माणूस बोटे कडक करून मागे वळवतो आणि ताणामुळे रक्त हटून तळहात आपोआप पांढरा पडतो. लहान मुलांच्या तपासणीसाठी आरोग्यसेविकांना जे प्रशिक्षण दिले जाते, त्यातही हात बाजूने हळूच धरावा आणि बोटे मागे ओढू नयेत असे बजावलेले असते. तळहाताच्या रेषांचा लालपणा गेला की हिमोग्लोबिन ७ च्या आसपास किंवा त्याखाली उतरले असावे, असा एक जुना वैद्यकीय आडाखा आहे. तो तीव्र रक्तक्षयाची सूचना म्हणून ठीक आहे, परंतु रेषा लाल आहेत म्हणून निश्चिंत होण्यासाठी त्याचा उपयोग नाही. शिवाय आपल्याकडे खुरप्याने, विळ्याने आणि उसाच्या पाचटाने ज्या हातांना घट्टे पडलेले असतात, त्यांच्या तळव्याची कातडी इतकी जाड होते की खालचा रंग वर येतच नाही. अशा हातात अंगठ्याच्या मुळाशी असलेला मऊ उंचवटा पाहावा. मेंदी, हळद किंवा नुकतेच धुण्याभांड्यांच्या पाण्यातून काढलेले हात यांवरून कोणताही अंदाज करू नये.

नखांवर मी सर्वांत कमी भरवसा ठेवतो. नखाखालच्या भागात रक्तवाहिन्या भरपूर असतात हे खरे, पण गार हवेत त्या लगेच आकसतात, नखावर पांढरे डाग असतात, नेलपॉलिशचा पिवळसर थर राहिलेला असतो, आणि बोट मोबाइलच्या कडेवर किंचित दाबले गेले तरी नख पांढरे होते. नख दाबून रंग किती वेळात परत येतो हे पाहण्याची जी चाचणी अनेकांना ठाऊक असते, ती रक्ताभिसरणाची आहे. तिच्यावरून हिमोग्लोबिनचा अंदाज बांधता येत नाही. नखांचा आकार मात्र पाहण्यासारखा असतो. दीर्घकाळ लोह कमी असेल तर नखे पातळ होऊन मध्ये खोलगट, चमच्यासारखी होतात, आणि हा आकार प्रकाशावर अवलंबून नसल्याने फोटोत रंगापेक्षा अधिक खात्रीने कळतो.

आता आकड्यांत बोलू. गरोदर नसलेल्या प्रौढ स्त्रीत हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेले की रक्तक्षय म्हणतात, आणि ८ च्या खाली तो तीव्र समजला जातो. गरोदरपणात हे आकडे निराळे असतात. ७ च्या खालची पापणी अनुभवी डोळ्याला सहसा चुकत नाही. ९ ते ११ या पट्ट्यात प्रत्यक्ष समोर बसलेल्या रुग्णाच्या बाबतीतही आमचे अंदाज वारंवार चुकतात, आणि ११ ते १२ मध्ये तर डोळ्याने काहीच सांगता येत नाही. म्हणजे ज्या टप्प्यावर रक्तक्षय ओळखून सहज आवरता येतो, नेमका तोच टप्पा डोळ्याला दिसत नाही. फोटो या मर्यादेत भरच घालतो.

आणखी एक अडचण घराघरांत असते. आपण आईचा तळहात बहिणीच्या किंवा वहिनीच्या तळहाताशेजारी धरतो आणि दोन्ही सारखे दिसले की निश्वास टाकतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. अशा स्थितीत घरातल्या दुसऱ्या बाईचा हात हे माप ठरू शकत नाही. तुमच्या भावाला आईचे हात ‘नेहमीसारखे’ वाटण्याचे कारणही कदाचित हेच असावे. रक्त महिनोन्महिने हळूहळू कमी होत गेले तर रोज पाहणाऱ्याच्या नजरेला तोच रंग नेहमीचा वाटू लागतो. तुलना करायचीच तर ज्याचे हिमोग्लोबिन अलीकडेच तपासून चांगले आले आहे अशा माणसाच्या हाताशी करावी.

मोबाइल काय करतो हे एका उदाहरणावरून सांगतो. रुग्णाची ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत. कागल तालुक्यातील अडतिशीतल्या एका बाईंच्या मुलीने मला तीन फोटो पाठवले होते. पहिला संध्याकाळी स्वयंपाकघरात, हिरवा ऑइलपेंट दिलेल्या भिंतीसमोर तळहात धरून काढलेला होता आणि त्यात तळहात चांगला गुलाबी दिसत होता. दुसरा दुसऱ्या दिवशी सकाळी, काळ्या घोंगड्यावर हात ठेवून काढलेला होता, त्यात तोच तळहात जवळजवळ पांढरा होता. तिसरा दारात सावलीत, खाली ओढलेल्या पापणीचा होता. मुलीला वाटले की एका रात्रीत आईचे रक्त उतरले.

एका रात्रीत काहीही उतरले नव्हते. मोबाइलचा कॅमेरा समोरचा रंग जसाच्या तसा कधीच नोंदवत नाही. चौकटीत एखादा रंग जास्त असला की तो प्रकाशाचाच दोष आहे असे धरून कॅमेरा विरुद्ध दिशेला दुरुस्ती करतो. भिंत हिरवी असल्याने त्याने चित्रात जांभळट गुलाबी छटा मिसळली आणि तळहाताला फुकटची लाली मिळाली. लाल साडीवर हात ठेवला असता तर बहुधा उलटे घडले असते, हात आणखी निस्तेज दिसला असता. दुसऱ्या फोटोत घोंगडे काळे होते. चौकटीचा बराचसा भाग काळा दिसला की कॅमेरा अंधार आहे असे समजून चित्र उजळवतो, आणि त्या उजेडात तळहातासारखा मुळातच फिका भाग पांढरा पडतो. पांढऱ्याशुभ्र चादरीवर याच्या उलट होऊन हात गडद दिसतो. यात भर म्हणून काही मोबाइल त्वचा ओळखून ती आपल्या मर्जीने ‘निरोगी’ करतात, आणि त्यासाठी ब्यूटी मोड चालूच असावा लागतो असेही नाही. म्हणून पहिले दोन्ही फोटो मी विचारातच घेतले नाहीत. गुलाबी फोटोने दिलासा मिळाला नाही आणि पांढऱ्याने धक्काही बसला नाही.

तिसरा फोटो मात्र उपयोगी ठरला. त्याचा प्रकाश चांगला होता म्हणून नव्हे, तर त्या एकाच फोटोत पापणीची पुढची कड आणि मागचा खोल भाग हे दोन्ही स्पष्ट आले होते म्हणून. प्रकाश कसाही असो आणि कॅमेऱ्याने रंग कोणत्याही दिशेला ढकललेला असो, तो दोन्ही भागांना जवळजवळ सारखाच ढकलला जातो. त्यामुळे दोहोंमधला फरक बऱ्याच अंशी शाबूत राहतो. त्या बाईंच्या पापणीत हा फरक नव्हताच, कड आणि आतला भाग एकाच रंगाचे होते. एका फोटोतील दोन जागांची तुलना करता येते, दोन फोटोंमधील एकाच जागेची करता येत नाही. फोटो पाहताना मी हा नियम कसोशीने पाळतो आणि तुम्हीही तुमच्याकडचे फोटो याच नियमाने पुन्हा पाहावेत.

दुसऱ्या दिवशीच्या सीबीसीमध्ये त्यांचे हिमोग्लोबिन ७.४ आले. तांबड्या पेशींचा सरासरी आकार सांगणारा एमसीव्ही हा आकडा ६६ होता, म्हणजे पेशी नेहमीपेक्षा बऱ्याच लहान होत्या, आणि लोहाचा साठा सांगणारे फेरिटिन ६ होते. पाळीत आठ-आठ दिवस जास्त रक्तस्राव होत होता, पण बायकांचे असतेच असे म्हणून तो कोणाला सांगितलेला नव्हता. सोनोग्राफीत गर्भाशयात फायब्रॉइडची गाठ निघाली. यातली कोणतीही गोष्ट फोटोतून कळण्यासारखी नव्हती. फिकटपणा ‘रक्त कमी आहे’ एवढेच सांगतो. ते लोह कमी पडल्याने आहे, बी-१२ कमी पडल्याने, रक्त जात असल्याने, थॅलेसेमियासारख्या जन्मजात कारणाने की मूत्रपिंडाच्या विकाराने, हे सांगत नाही. बी-१२ च्या कमतरतेत फिकटपणात किंचित पिवळसर झाक येते आणि बोटांच्या पेरांवरची कातडी काळवंडते, अशी खूण प्रत्यक्ष तपासणीत कधीकधी मिळते. फोटोत ती पिवळी झाक बल्बची की रुग्णाची, हे ओळखणे जवळपास अशक्य असते. शेंगदाणे-गूळ खाल्ल्याने रक्त भरून येईल अशी गुऱ्हाळाच्या मुलखात सर्वांची श्रद्धा असते. खाण्याला माझी हरकत नाही, पण ७.४ चे ११ त्याने होत नाहीत आणि कारण शोधायचे राहून जाते.

तुमच्या वहिनींनी पुन्हा फोटो काढायचे ठरवले तर थोडी पूर्वतयारी करावी. आईंनी दहा मिनिटे शांत बसावे, हात धुऊन कोरडे झालेले आणि कोमट असावेत. सकाळी दहानंतर, दाराजवळ किंवा खिडकीजवळ, ऊन थेट न पडणाऱ्या जागी, दिवा आणि फ्लॅश बंद ठेवून फोटो काढावा. मागे हिरवे, लाल किंवा काळे काही नसावे, करड्या रंगाचा टॉवेल किंवा सिमेंटची कोबा केलेली जमीन चालेल. हात हृदयाच्या उंचीवर सैल ठेवावा आणि त्याच चौकटीत हिमोग्लोबिन चांगले असल्याचा ताजा रिपोर्ट असलेल्या माणसाचा हात शेजारी धरावा. पापणीसाठी आईंनी वर पाहावे आणि वहिनींनी अंगठा पापणीवर न दाबता खालच्या हाडावर टेकवून कातडी हलकेच ओढावी, कारण जोरात ताणले तर पापणीही तळहाताप्रमाणे पांढरी पडते. कॅमेरा हमखास पापण्यांच्या केसांवर किंवा बुबुळावर फोकस करतो, म्हणून स्क्रीनवर पापणीच्या आतल्या भागावर बोट टेकवून फोकस तिथे आणावा आणि ओलसर चकाकी आली असेल तर किंचित कोन बदलावा.

पाठवताना तो फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. नेहमीच्या पद्धतीने पाठवलेले चित्र आकाराने लहान केले जाते, आणि त्यात उजेडाचा तपशील बराचसा टिकवून रंगाचा तपशील जास्त प्रमाणात टाकून दिला जातो. तळहातासारख्या मोठ्या भागाला त्याने फार फरक पडत नाही, पण पापणीची कड जेमतेम एक-दोन मिलिमीटर रुंद असते आणि तिचा रंग शेजारच्या रंगात मिसळून जातो. म्हणजे ज्या तुलनेवर आपण विसंबतो तीच बिघडते. पाहणाऱ्यानेही आपल्या मोबाइलचा रात्रीचा पिवळसर मोड बंद आहे ना, हे पाहावे. तुम्हाला आणि भावाला एकच फोटो वेगवेगळा दिसण्यामागे तुमच्या दोघांचे स्क्रीन हेही एक कारण असू शकते.

फोटोवरून हिमोग्लोबिनचा आकडाच सांगणाऱ्या ॲपविषयी लोक विचारतात. यावर गंभीर संशोधन झाले आहे. अमेरिकेतील एमरी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये नखांच्या फोटोवरून हिमोग्लोबिन मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली होती. पांढरे डाग असलेली नखे त्यांनी गणनेतून वगळली होती. तरीही मोजलेला आकडा खऱ्या आकड्यापेक्षा साधारण २.४ ने वर किंवा खाली असू शकत होता, आणि प्रत्येक व्यक्तीच्या स्वतःच्या रक्ततपासणीशी पद्धत जुळवून घेतल्यावर ही तफावत १ च्या आत आली होती. याचा व्यवहारातला अर्थ असा की जुळवणी न करता ॲपने १० दाखवले तर खरा आकडा ७.६ ते १२.४ यांमध्ये कुठेही असू शकतो. यातल्या एका टोकाला तातडीने उपचार लागतात आणि दुसऱ्या टोकाला रक्तक्षयच नसतो. दुकानात मिळणाऱ्या कोणत्याही ॲपला हा निकष लावून पाहावा.

उपचार सुरू झाल्यावर सुधारणा पाहण्यासाठी दर आठवड्याला फोटो काढण्याचा मोह होतो, तोही फारसा उपयोगी नाही. लोहाच्या गोळ्या लागू पडल्या तर हिमोग्लोबिन महिन्याभरात साधारण २ ने वाढते. कागलच्या त्या बाईंचे महिन्याने ९.३ झाले होते, त्यांना जिना चढताना दम लागणे बरेच कमी झाले होते, आणि पापणीच्या फोटोत मात्र कडेला अगदी अस्पष्ट तांबूसपणा आला होता, तोही मला आधीच आकडा माहीत असल्यामुळे दिसला असावा. तुमच्या आईंना लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या तर चार आठवड्यांनी पुन्हा सीबीसी करावी. हिमोग्लोबिन १ नेही वाढले नसेल तर गोळ्या खरोखर घेतल्या जात आहेत का, त्या चहासोबत घेतल्या जात आहेत का, आणि रक्त अजून कुठून जात आहे का, हे डॉक्टरांशी बोलून पाहावे. हिमोग्लोबिन १२ च्या वर आले तरी लोहाचा साठा भरून निघण्यासाठी गोळ्या पुढे साधारण तीन महिने चालू ठेवाव्या लागतात, आणि त्या काळात पापणी पूर्ण तांबडी दिसत असल्याने बहुतेक जण नेमक्या तेव्हाच त्या बंद करतात.